अंगण लहान, मुलं साठ, चेंडू एक



गेल्या महिन्यात आपल्या मराठीच्या वर्गाला मधली सुट्टी झाली आणि दहा मिनिटांच्या आत दोन मुलं रडत हॉलमध्ये आली. एकाचा गुडघा फुटला होता, दुसऱ्याचा चष्मा. हॉलच्या मागचं अंगण तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. एका बाजूला पाण्याचा नळ, दुसऱ्या बाजूला रचून ठेवलेल्या खुर्च्या आणि मध्ये जी जागा उरते त्यात अठरा मुलं. त्या दिवशी एक आजोबा म्हणाले, "चेंडू बंद करा." एक आई म्हणाली, "थोडी खेळणी घेऊ या, मी वर्गणी काढते." दोघांनीही ते काळजीपोटीच सांगितलं, पण मला दोन्ही उपाय पटले नाहीत. का पटले नाहीत, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत बरीच वर्षं शिकवलं. शाळेत वर्गावर शिकवणं वेगळं आणि 'तोरानूत' वेगळी. तोरानूत म्हणजे मधल्या सुट्टीत अंगणात उभं राहून मुलांवर लक्ष ठेवण्याची पाळी. आमच्या शाळेचं मोठं मैदान बांधकामामुळे बंद होतं तेव्हा दोन वर्षं खालच्या वर्गांना मागचं छोटं अंगण मिळालं होतं. पंधरा मीटर लांब, बारा मीटर रुंद, खाली डांबर, तीन बाजूंना भिंत आणि एका बाजूला सावलीतल्या चार पायऱ्या. मुलं साठ. खेळण्याचं सामान म्हणजे एक चेंडू, एक दोरी आणि फळ्यावरचे खडू.

आता हिशेब करू. पंधरा गुणिले बारा म्हणजे एकशे ऐंशी चौरस मीटर. साठ मुलांत वाटले तर प्रत्येकाला तीन चौरस मीटर येतात. घरातल्या एका पलंगाएवढी किंवा त्याहून थोडी जास्त जागा झाली. पण ही वाटणी कागदावरची. चेंडू बाहेर आला की तिसरीची दहा मुलं फुटबॉल सुरू करत आणि अंगणाचा दोन तृतीयांश भाग त्यांचा होऊन जाई. उरलेली पन्नास मुलं साठ चौरस मीटरमध्ये, म्हणजे एकेकाला जेमतेम सव्वा चौरस मीटर. त्यातलीच काही पकडापकडी खेळत फुटबॉलच्या मधून आडवी धावत. माझ्या पाळीच्या दिवशी असंच आडवं धावताना पहिलीतल्या एका मुलाचं तोंड दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं आणि त्याचा पुढचा दात गेला. पक्का, नुकताच आलेला दात. तो परत येणार नव्हता. त्याच्या आईने मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही कुठे होतात?" मी अंगणाच्या मधोमध उभी होते. सगळं पाहत होते आणि तरी काही करू शकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नियम निघाला की अंगणात धावायचं नाही. चेंडू कपाटात गेला. आम्हाला वाटलं, सुटलो. पण पुढचे दोन आठवडे अंगण आधीपेक्षा वाईट झालं. धावण्यामुळे मुलं आपटत होती हे खरं, पण त्या धावण्याला काही कारण तरी होतं. ते काढून घेतल्यावर साठ मुलं नुसती उभी राहिली आणि नुसती उभी राहिलेली मुलं एकमेकांना ढकलतात. टोपी पळवणं, नळाचं पाणी उडवणं, एखाद्याला कोपऱ्यात घेऊन चिडवणं, हे सगळं वाढलं. माझा पूर्ण वेळ "धावू नको, ढकलू नको, खाली उतर" हे ओरडण्यात जाऊ लागला. बंदी घातल्याने खेळ संपतात, गर्दी मात्र तेवढीच राहते. म्हणून "चेंडू बंद करा" हे मला पटत नाही.

वर्गणी का नको, तेही सांगते. आम्ही एकदा पाच नवे चेंडू आणले होते. एका चेंडूने जितकी जागा खाल्ली त्याच्या पाचपट पाच चेंडूंनी मागितली आणि अंगण तर एकच होतं. लहान अंगणात खेळण्यांची टंचाई ही खरी अडचण नसते. एका मुलाला खेळायला किती जागा लागते, किती वेळ वाट पाहावी लागते आणि तो एकदा बाद झाला की पुढे काय करतो, या तीन प्रश्नांवर तिथलं सगळं अवलंबून असतं. तोरानूतवरच्या बाईंनी या तीन प्रश्नांच्या कसोटीवर खेळ निवडावा आणि मग बाजूला उभं राहावं, असं माझं मत आहे.

आम्ही हे कसं केलं, ते एका दिवसाचं उदाहरण घेऊन सांगते. सुट्टी वीस मिनिटांची. पहिली पाच मिनिटं डबा, पाणी आणि शौचालय यांत जातात. शेवटची दोन मिनिटं रांगेत. म्हणजे खेळायला खरी तेरा मिनिटं. यात नियम समजावत बसलं तर खेळ होतच नाही, म्हणून नवा खेळ वर्गात आधी शिकवायचा, अंगणात नाही. सुट्टीच्या आधी सहावीची दोन मुलं येऊन खडूने रेघा मारून जात. त्यांना ते काम फार आवडायचं.

सावलीतल्या पायऱ्यांवर आणि त्यांच्यापुढे बसून खेळायचे खेळ. इथल्या मुलांना 'खामेश अवानीम' माहीत असतो, धातूचे पाच लहान चौकोनी खडे. आपल्या आज्यांना तोच खेळ सागरगोटे म्हणून माहीत आहे. एक वर फेकायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. खरे सागरगोटे म्हणजे एका काटेरी झुडपाच्या राखाडी, गुळगुळीत, टणक बिया. त्या इथे मिळत नाहीत, पण जर्दाळूच्या बिया त्याच कामाला येतात. चार-चार मुलांची तीन कोंडाळी बसली की बारा मुलं बारा चौरस मीटरच्या आत मावतात आणि कुणी कुणावर आदळत नाही. चूक झाली की डाव पुढच्याकडे जातो आणि तीन जणांनंतर परत येतो. चारपेक्षा जास्त मुलं मात्र एका कोंडाळ्यात घेऊ नका. सहा मुलं बसली की एखादी हुशार मुलगी तीन मिनिटं खेळते आणि सहाव्याचा डाव घंटा होईपर्यंत येत नाही.

भिंतीला लागून पेटीचा खेळ. उन्हाळ्याच्या तोंडावर जर्दाळूचा हंगाम येतो तेव्हा इथली मुलं बिया साठवतात. कुठे त्यांना 'गोगोईम' म्हणतात, जेरुसलेमकडे 'अजुईम'. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणाला लहानमोठी भोकं पाडायची, प्रत्येक भोकावर आकडा लिहायचा, भोक जितकं लहान तितका आकडा मोठा. ठरलेल्या रेघेमागून बी टाकायची. कोकणात मुलं चिंचोक्यांनी आणि काजूच्या बियांनी असेच नेमबाजीचे खेळ खेळत, त्यामुळे आपल्या थोरांना यात नवीन काही नाही. दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब जागा पुरते आणि आठ मुलं दोन खोक्यांवर खेळतात.

या खेळात एक भांडण ठरलेलं असतं. नियमाप्रमाणे जिंकणारा बिया घेऊन जातो. मग पहिलीचा मुलगा घरून आणलेली पिशवी पाच मिनिटांत हरतो, रडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई फाटकावर उभी असते. म्हणून आम्ही ठरवलं की बिया खोक्याच्या, मुलांच्या नाहीत. घंटा झाली की सगळ्या परत. मोठी मुलं म्हणाली, यात मजा नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी भिंतीवर खडूने गुण लिहायचं ठरलं, आठवडाभराचे गुण शुक्रवारी मोजायचे आणि रविवारी पाटी कोरी. तेवढ्यावर त्यांनी मानलं. बियांबद्दल आणखी एक सांगते. त्या धुऊन, उन्हात चांगल्या वाळवून घ्यायच्या आणि फोडून आतला गर खायचा नाही हे मुलांना स्पष्ट सांगायचं. जर्दाळूच्या बीतल्या कडू गरात विषारी अंश असतो. लहान भावंडं अंगणात येत असतील तर बिया मोजून द्या आणि मोजून घ्या, कारण लहान मूल बी तोंडात घालतं.

अंगणाच्या लांब बाजूला खडूची दहा मीटरची एक रेघ. हा 'डोंगर का पाणी'. मूळ खेळात डोंगर म्हटलं की उंचवट्यावर चढायचं असतं. लहान अंगणातला उंचवटा म्हणजे पायरी किंवा कठडा आणि तिथूनच मुलं पडतात. म्हणून आम्ही रेघेची एक बाजू डोंगर केली आणि दुसरी पाणी. चौदा मुलं रेघेवर ओळीने उभी राहतात, सांगणारा "डोंगर" म्हणतो, सगळे दोन पायांनी त्या बाजूला उडी मारतात. "पाणी" म्हणतो, या बाजूला. तोच शब्द लागोपाठ दोनदा म्हटला की जागचं हलायचं नाही आणि मुलं फसतात ती तिथेच. सगळ्यांची उडी एकाच दिशेला असल्याने टक्कर होत नाही.

चुकणाऱ्याचं काय करायचं, यावर आम्ही दोनदा हात पोळून घेतले. आधी चुकला तो बाद, असा नियम होता. मग सर्वांत लहान आणि सर्वांत सावकाश मुलं पहिल्याच मिनिटात भिंतीपाशी जाऊन उभी राहत. ज्या मुलाला खेळायची सर्वांत जास्त गरज, तोच सर्वांत कमी खेळे आणि रिकामा झाल्यामुळे शेजारच्यांचं खोकं लाथाडे. मग मी ठरवलं, चुकेल तो पुढे येऊन सांगणारा होईल. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सगळी मुलं मुद्दाम चुकू लागली, कारण सांगणारा व्हायचं कुणाला नको असतं! शेवटी टिकलं ते असं. चुकला तो रेघेच्या टोकाला जाऊन उभा राहतो आणि तिथूनच खेळत राहतो. दहा हाका झाल्या की रेघेच्या पहिल्या टोकाला जो असेल तो सांगणारा होतो. न चुकणारे हळूहळू पुढे सरकतात, चुकणारे मागे जातात, पण रेघेबाहेर कुणीच जात नाही.

एका कोपऱ्यात सहा मीटरचा चौकोन. तिथे 'विषामृत', कारण काही मुलांना पळापळ लागतेच आणि ती नाकारली तर ती सगळ्या अंगणात होते. दहा मुलं. एकाकडे विष, एकाकडे अमृत, बाकी आठ. विषवाल्याने हात लावला की गोठायचं, अमृतवाल्याने हात लावला की सुटायचं. या खेळात कुणी कायमचं बाद होत नाही, म्हणून तो मला इतर पकडापकडीपेक्षा चांगला वाटतो. फक्त दोन बदल केले. पहिला, चालायचं, धावायचं नाही. ज्याचे दोन्ही पाय एकदम हवेत दिसले तो आपोआप गोठला. हे मुलं स्वतःच बारकाईने पाहतात, बाईंना ओरडावं लागत नाही. दुसरा, मुलं गोठल्यावर खाली बसत. बसलेल्या मुलाला अडखळून दुसरा पडतो, म्हणून बसायचं नाही, उभं राहून एक हात वर करायचा. वर केलेला हात अमृतवाल्याला लांबूनही दिसतो. दर दोन मिनिटांनी विष आणि अमृत बदलायचे, नाहीतर सावकाश चालणारा विषवाला रडकुंडीला येतो.

आणि चेंडू? तो कपाटातून बाहेर काढला, पण पायातून हातात आणला. भिंतीसमोर आठ मुलांची एक ओळ. पहिला चेंडू भिंतीवर मारतो आणि बाजूने मागे जातो, दुसरा एक टप्पा पडल्यावर झेलतो आणि मारतो. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब जागा पुरते. एकाला आठ सेकंद धरली तर आठ मुलांत मिनिटभराच्या आसपास आपला डाव परत येतो. ओळ दहाच्या वर गेली की मागची मुलं ढकलाढकली सुरू करतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की ओळीतली डोकी मोजायची मला सवयच लागली. फुटबॉलवाले नाराज झाले. त्यांची नाराजी रास्त होती, कारण या जागेत खरा फुटबॉल होत नाही आणि मी त्यांना तसं खोटं सांगितलंही नाही. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर मोकळं मैदान मागून घेतलं.

आता बेरीज करा. बारा, आठ, चौदा, दहा आणि आठ, झाली बावन्न. उरली आठ. त्यांच्यासाठी पायऱ्यांच्या मागचा तुकडा मी मुद्दाम रिकामा ठेवत असे. तिथे कोणताही खेळ नाही. काही मुलांना सुट्टीत नुसतं मैत्रिणीशी बोलायचं असतं, डबा सावकाश खायचा असतं किंवा एकटं बसायचं असतं. तो त्यांचा हक्क आहे.

इथे माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा एक आक्षेप आठवतो. त्या म्हणत, सुट्टी मुलांची असते, तिथेही बाईंनी खेळ लावले तर तो आणखी एक तास झाला. हा आक्षेप मी मानते. म्हणून आमच्याकडे कोणताही खेळ सक्तीचा नव्हता आणि एका खेळातून दुसऱ्यात जायला परवानगी लागत नसे. बाईंचं काम रेघा, जागा आणि संख्या ठरवण्यापुरतं. खेळाच्या आतले वाद मुलांनीच सोडवायचे. शिवाय एकच खेळ वर्षभर रेटायचा नाही. हिब्रू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ रिव्का आयफरमान यांनी 1960च्या दशकात इस्रायलमधल्या शाळांच्या अंगणांत मुलांचे खेळ मोठ्या प्रमाणावर नोंदवून घेतले होते. काही खेळ, जसे पकडापकडीचे, वर्षभर चालू राहतात आणि काही लाटेसारखे येतात, भरात येतात, ओसरतात आणि पुन्हा परततात, हे त्यांनी दाखवलं. पायऱ्यांवरचे सागरगोटे एखाद्या महिन्यात ओस पडले तर ती बाईंची हार नाही. खडे डब्यात भरून ठेवावेत. ते परत मागायला मुलं येतातच.

थोरांचा आक्षेप वेगळा असतो. "आमच्या रेवदंड्याला कुणी शिक्षक अंगणात उभे राहत नव्हते, आम्ही आपापले खेळायचो," असं आपले आजोबा म्हणतात. आजोबा, तुमच्या अंगणापुढे वाडी होती आणि वाडीपुढे समुद्र. तुमच्यात पाच वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा मुलगा एकत्र खेळायचे, लहानाला 'कच्चं लिंबू' म्हणून सांभाळून घ्यायचे आणि मोठाच पंच असायचा. शाळेच्या अंगणात एका वयाची साठ मुलं असतात, भोवती भिंत असते आणि वेळ तेरा मिनिटांचा. तिथे तो मोठा मुलगा नसतो. सहावीची दोन मुलं रेघा मारायला बोलावली ती एवढ्यासाठीच. त्यांतला एक पुढे स्वतःहून लहानांचे तंटे सोडवू लागला.

मग बाईंनी कुठे उभं राहायचं? दात गेला त्या दिवशी मी मधोमध होते आणि मधोमध उभ्या राहणाऱ्याला नेहमी अर्धं अंगण पाठीमागे असतं. नंतर मी फाटकाजवळच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभी राहू लागले. तिथून नळ, शौचालयाचं दार आणि पाचही जागा एका नजरेत येतात. दर दोन-तीन मिनिटांनी भिंतीच्या कडेने एक फेरी मारायची आणि परत तिथेच. खेळात स्वतः बसायचं नाही, कितीही मोह झाला तरी. एकदा मुलींनी आग्रह केला म्हणून मी सागरगोटे खेळायला बसले. आईने शिकवलेला हात अजून चालतो का, ते पाहायचं होतं. चालला. पण तेवढ्यात नळापाशी दोन मुलं एकमेकांच्या अंगावर गेली होती आणि मला ते दुसऱ्या मुलाने येऊन सांगितलं.

काही बिघडतंय हे ओळखायच्या दोन खुणा सांगते. खेळाचा आवाज चढतो आणि उतरतो. भांडणाच्या आधी तो एका जागी अचानक थांबतो. आणि मुलांचे चेहरे दिसेनासे होऊन नुसत्या पाठी गोल करून दिसू लागल्या की तिकडे चालत जावं. धावत जाऊ नये, कारण बाई धावल्या की सगळं अंगण तिकडे धावतं. तिसरी खूण सावकाश दिसते. रोज त्याच भिंतीपाशी तेच मूल उभं असतं. आमच्याकडे दुसरीत एक मुलगी होती, नुकतीच दुसऱ्या देशातून आलेली, हिब्रू बेताचं. पाच आठवडे ती शौचालयाच्या भिंतीला टेकून उभी असे. तिला "जा, खेळ" म्हणून काही उपयोग नव्हता. मी तिला बियांची मोजदाद दिली. सुट्टीच्या सुरुवातीला प्रत्येक खोक्याला वीस बिया द्यायच्या, घंटेला वीस परत घ्यायच्या. पहिले काही दिवस ती फक्त बोटं दाखवी. मग आकडे म्हणू लागली. मग एक दिवस रेघेमागे उभी राहून तिने स्वतः बी टाकली. मोजदादीचं काम तिने तेव्हाही सोडलं नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत. खमसिनच्या दिवशी, डांबर तापलेलं असताना, रेघ आणि चौकोन बंद, फक्त सावलीतले बसायचे खेळ. पावसात खडू धुऊन जातो आणि ओल्या डांबरावर उडी मारू देऊ नये. शंभर मुलं त्याच अंगणात सोडली तर माझी ही मांडणी मोडेल. तिथे सुट्टी दोन पाळ्यांत करणं हाच उपाय आणि तो मुख्याध्यापकांच्या हातात असतो, तोरानूतवरच्या बाईंच्या नाही. आणि एवढं करूनही गुडघे फुटतात. त्या दोन वर्षांत फुटले. पण नाव लिहून घेऊन घरी फोन करावा लागेल असे प्रसंग कमी झाले आणि माझा घसा दुखायचा थांबला.

आता आपल्या वर्गाबद्दल. अठरा मुलांना पाच खेळ लागत नाहीत. नळापासून लांबच्या बाजूला सहा मीटरची एक रेघ, तिच्यावर आठ किंवा नऊ मुलं. पायरीपाशी सागरगोट्यांची दोन कोंडाळी, त्यात आठ. एखादं मूल सुटलं तर त्याला हाका मोजायला ठेवा. खुर्च्यांचा ढीग आत घ्यावा लागेल, कारण रेघेवरून चुकीच्या बाजूला पडणारं मूल सरळ त्यावर जाईल. मला दोन माणसं हवी आहेत, ज्यांना सागरगोटे खेळता येतात आणि पायरीवर वीस मिनिटं बसता येतं. खेळताना मोजणी मराठीत होईल, तेवढं त्यांनी पाहावं. आणि ज्यांच्या घरी जर्दाळू खाल्ले जातात त्यांनी बिया टाकून देऊ नयेत. धुऊन, चार दिवस उन्हात वाळवून आणाव्यात. दोन कोंडाळ्यांना दहा पुरतात, पण मुलं हरवतात, म्हणून मी चाळीस मागते.

चेंडू मी माझ्याकडे ठेवला आहे. पहिल्या तीन आठवड्यांत रेघ आणि पायरी नीट चालली तर तो भिंतीच्या खेळासाठी परत देईन. तसा शब्द मी मुलांना दिला आहे आणि तो पाळणार आहे.